अरुंद रोल की रुंद रोल? आधी ‘रिपीट’ बघा

वॉलपेपरच्या दुकानात दोन मापं समोर येतात. एक ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, ज्याला सत्तावन्न चौरस फूट कागदामुळे दुकानदार ‘सत्तावन्न फुटी’ म्हणतात. दुसरा कोरियन, १०६ सेंटीमीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब. मी घरात दोन्ही लावून घेतले आहेत, तेही एकाच मापाच्या दोन भिंतींवर. दोन्हीकडे ६४ सेंटीमीटरची रिपीट होती, म्हणजे तेच फूल दर ६४ सेंटीमीटरवर पुन्हा येतं.

भिंत ३.३५ मीटर रुंद, स्कर्टिंगपासून छतापर्यंत उंची २.८४. वर-खाली कापायला मिळून १० सेंटीमीटर धरले की एक पट्टी २.९४ मीटरची.

आमच्या बेडरूमला आधी रुंद रोल घेतला. जोड कमी दिसतात हे खरंच आहे. तीन रुंद पट्ट्यांत ३.१८ मीटर भरतात आणि उरलेल्या १७ सेंटीमीटरसाठी चौथी लागते. १५.६ला २.९४ने भागलं तर पाच पट्ट्या निघतात, म्हणजे एक शिल्लक राहील, असा माझा हिशोब होता.

पण डिझाइन जुळवायचं तर प्रत्येक पट्टी फुलाच्या त्याच जागेपासून सुरू व्हायला हवी. २.९४मध्ये चार रिपीट पूर्ण बसतात आणि पाचवी अर्धवट राहते, म्हणून पुढची पट्टी ३.२० मीटरवरच सुरू करता येते. अशा चार पट्ट्यांना १२.८० मीटर गेले. पाचवीला २.९४ हवे होते, रोलमध्ये उरले २.८०. चौदा सेंटीमीटर कमी! कारागिराला म्हटलं, वरखाली जास्तीचं सोडू नका, उंचीइतकंच कापा. त्यानं टेप धरून दाखवलं, “साहेब, तरीही चार सेंटीमीटर कमीच पडतात.”

मला खटकलं ते हेच. चार पट्ट्या लागणार आणि चारच निघणार, चुकायला जागाच नाही. तिसरी पट्टी स्विचबोर्डापाशी फाटली. चौथीतले ८९ सेंटीमीटर वाया जाणार होते, पण ते १०६च्या जागी बसत नाहीत. एका पट्टीसाठी अख्खा नवा रोल आणावा लागला. त्याचा लॉट नंबर वेगळा निघाला आणि सकाळच्या उन्हात ती पट्टी किंचित पिवळसर दिसते. मला तरी दिसते.

मुलाच्या खोलीला अरुंद रोल घेतले. दुकानदार म्हणाला, “भिंत १०२ चौरस फूट, दोन रोल भरपूर झाले.” क्षेत्रफळानं ते बरोबर आहे, पण रोल पट्ट्यांनी मोजायचा असतो. एका रोलमधून तीन पट्ट्या, दोनातून सहा, आणि सहांनी भरतात ३.१८ मीटर. म्हणजे इथेही १७ सेंटीमीटर उघडे राहतात. सातवी पट्टी लागतेच, म्हणून तीन रोल घेतले, एकाच लॉटचे. लेबलवर नंबर छापलेला असतो, तो पैसे देण्याआधी तिन्हींवर जुळवून पाहिला.

या उंचीला अरुंद रोलमध्ये रिपीट फुकट बसते. साध्या कागदाच्या तीन पट्ट्या निघतात, फुलांच्याही तीनच. सात लावल्या, दोन उरल्या. एकूण कागद म्हणाल तर एका रुंद रोलपेक्षा थोडा कमीच लागला.

जोड मात्र तीनाऐवजी सहा येतात, हे मान्य केलं पाहिजे. कारागिराचा हात साफ नसेल तर ते दिसतील. कागद साधा असेल, जुळवणीच नसेल, तर रुंद रोलच्या पाच पट्ट्या खरोखर निघतात आणि मग तो घ्यायला माझी हरकत नाही. छत उंच असेल तरी गणित फिरतं. उंची ३.२० असेल तर याच रिपीटला अरुंद रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि तीनाऐवजी चार रोल लागतात. रुंदमधून तेव्हाही चार पट्ट्या मिळतात. जुन्या, उंच घरात राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

लेबलवर 64/32 असं लिहिलेलं असेल तर शेजारची पट्टी अर्ध्या रिपीटनं खाली सरकते. तेव्हा दोन अरुंद रोल एकदम उघडून आलटून पालटून पट्ट्या काढाव्यात. एकाच रोलमधून ओळीनं कापल्या तर आमच्या उंचीला शेवटी जेमतेम सात सेंटीमीटर उरतात.

पण साडेनऊ फुटांच्या आतलं छत आणि मोठं डिझाइन असेल, तर मी अरुंदच घेईन. गेल्या पावसाळ्यात एसीच्या पाइपाशेजारी ओल येऊन मुलाच्या खोलीतली एक पट्टी सुटली. उरलेल्या दोनांपैकी एक काढून लावली, फूल फुलाला जुळलं, रंगही तोच. दुसरी माळ्यावर गुंडाळून ठेवली आहे.