परजीवीशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे साहित्य: आठ महिन्यांचा अनुभव आणि सुधारित मागणी

मा. प्राचार्य यांस,

सादर नमस्कार. मागच्या महिन्यात मी लीशमन स्टेनच्या तीन नव्या बाटल्या मागितल्या होत्या. ती मागणी कृपया रद्द करावी. स्टेन खराब आहे असे मी लिहिले होते, ते चुकले.

सुरुवातीचे पाच महिने याच स्टेनवर रक्ताच्या स्लाइड छान रंगल्या. मग मलेरियाच्या प्रात्यक्षिकात सगळ्या तांबड्या पेशी भडक गुलाबी दिसू लागल्या. व्हायवॅक्सच्या बाधित पेशीत जे बारीक लालसर ठिपके दाखवायचे, ते एकालाही दिसेनात. मुले तास संपेपर्यंत ऑइल इमर्शनखाली शोधत बसली. मी स्टेनला दोष देऊन मोकळा झालो.

नंतर त्याच रक्ताच्या, मिथेनॉलमध्ये स्थिर केलेल्या दोन स्लाइड घेतल्या. दोन्हींवर त्याच बाटलीतला स्टेन दोन मिनिटे ठेवला. मग एकीवर दुप्पट डिस्टिल्ड वॉटर घातले, दुसरीवर शेजारच्या विभागातून आणलेले ७.२ पीएचचे बफर तेवढेच. दहा मिनिटांनी दोन्ही धुतल्या. पहिली गुलाबीच राहिली. दुसरीत परजीवीचा निळा देह, लाल केंद्रक आणि पेशीभर ठिपके स्पष्ट उमटले. आमचे डिस्टिल्ड वॉटर उघड्या कॅनमध्ये आठवडेच्या आठवडे राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरतो आणि ते आम्लधर्मी होते. आम्लात ईओसिनचा गुलाबी रंग चढतो आणि ठिपके उमटतच नाहीत. साध्या रक्तपेशींसाठी ६.८ पीएच चालतो, मलेरियासाठी ७.२ हवाच.

म्हणून स्टेनऐवजी बफरचे दोन क्षार द्यावेत: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. सोबत घट्ट झाकणाच्या दोन बाटल्या. खर्च तीन बाटल्या स्टेनपेक्षा कमीच येईल.

स्लाइड मात्र नव्या लागतील, २०० तरी. धुऊन धुऊन जुन्यांवर चरे पडलेत. चऱ्यात साचलेला स्टेन मुले परजीवी म्हणून वहीत काढतात.

नमुन्यांच्या बरण्यांबद्दल माझे मत पूर्वी चांगले होते, आता नाही. प्लास्टिकच्या फिरकी झाकणातून फॉर्मॅलिन उडून जाते. पट्टकृमी काचेच्या पट्टीवर डोके वर करून बांधलेला होता. पातळी दोन बोटे उतरली तेव्हा नेमकी मानेची दोऱ्यासारखी बारीक बाजू उघडी पडली, वाळली आणि झाकण काढताना तुटली. आता आमच्याकडे डोक्याविना पट्टकृमी आहे, आणि चूषक दाखवायचे तर डोकेच लागते. घासून बसवलेल्या काचेच्या झाकणाच्या सहा बरण्या मिळाव्यात. नवा नमुना येईपर्यंत उरलेल्या बरण्यांत दर पंधरवड्याला दहा टक्के फॉर्मॅलिनची भर मी घालत राहीन.

पुढचे मलेरियाचे प्रात्यक्षिक येत्या महिन्यात आहे. त्याआधी निदान बफरचे क्षार तरी यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
प्रयोगशाळा सहायक, प्राणिशास्त्र विभाग