चिकन आणि मासळीचा निव्वळ भाव: वजनकाट्याच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मी काही महिन्यांपासून मुख्यतः एकाच कामासाठी वापरत आहे. विकत आणलेल्या चिकन किंवा मासळीतून हाडे, कातडी, डोके आणि आतडी वजा जाता, उरलेले खाण्याजोगे मांस प्रत्यक्षात काय भावाने पडते, हे मला काढायचे असते. काट्याची क्षमता 5 किलो असून तो 1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. या कामाला एवढे पुरते.

रीत अशी की ज्या वजनाचे पैसे दिले ते वजन आणि साफ केल्यावर उरलेल्या कच्च्या मांसाचे वजन, या दोहोंचा भागाकार करायचा. येणाऱ्या संख्येला मी गुणक म्हणतो. भाव रोज बदलतो, पण त्याच प्रकारच्या आणि साधारण त्याच आकाराच्या मालाचा गुणक फारसा हलत नाही. म्हणून वहीत भाव न लिहिता गुणक लिहून ठेवणे मला अधिक उपयोगाचे वाटले. मात्र विक्रेत्याने वजन साफ करण्यापूर्वी केले की नंतर, याची नोंद गुणकाशेजारी हवीच, नाहीतर दोन नोंदींची तुलना निरर्थक ठरते.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. पिसे आणि आतडी काढलेली, पण कातडीसह घेतलेली अख्खी कोंबडी 1500 ग्रॅम भरली. त्यातून कातडी 150 ग्रॅम, हाडे 450 ग्रॅम, चरबी व इतर टाकाऊ भाग 70 ग्रॅम निघाला, सुटलेले पाणी 30 ग्रॅम होते आणि मांस 800 ग्रॅम मिळाले. 1500 भागिले 800 म्हणजे गुणक 1.875. अख्ख्या कोंबडीचा किलोचा भाव 100 धरला, तर तिचे मांस किलोला 187.5 ने पडले. म्हणजे बोनलेस 180 ने मिळत असेल, तर दिसायला महाग असूनही तेच स्वस्त आहे, आणि सोलण्या-कापण्याचे कष्ट वाचतात ते वेगळेच.

परंतु हाडांचा स्टॉक खरोखरच केला जात असेल, तर हाडांनाही काही किंमत द्यायला हवी. त्यांची किंमत किलोला 20 धरली, तर 450 ग्रॅमचे 9 होतात. एकूण 150 मधून ते वजा करून 141 ला 0.8 ने भागले की 176.25 येतात आणि निकाल उलटतो. हाडे शेवटी कचऱ्यातच जाणार असतील, तर ही वजावट हिशेबात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काट्याची खरी अडचण म्हणजे तो काही वेळाने आपोआप बंद होतो. कापणे चालू असताना तो बंद झाला आणि भांडे वर असतानाच पुन्हा चालू केला, तर तो भांडे आणि आतला माल मिळून शून्य धरतो, आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. यासाठी रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवावे आणि शेवटी सर्व भागांची बेरीज मूळ वजनाशी ताडून पाहावी. 1500 ग्रॅममागे दहा-वीस ग्रॅमचा फरक थेंबांचा आणि सुरीला चिकटलेल्या मालाचा असतो. शंभर ग्रॅमचा फरक पडला, तर काहीतरी चुकले आहे. बेरीज मूळ वजनापेक्षा जास्त भरली, तर बहुधा धुतलेले मांस न टिपता काट्यावर ठेवलेले असते.

मासळीत गुणक बराच मोठा येतो. 1000 ग्रॅमच्या अख्ख्या माशातून खवले आणि आतडी 150, डोके आणि मधला काटा 400, कातडी 50 ग्रॅम गेली, तर मांस 400 ग्रॅम उरते आणि गुणक 2.5 होतो. येथे हाताचे कसब थेट भावात दिसते: मधल्या काट्याला चिकटलेले मांस चमच्याने खरवडून 40 ग्रॅम मिळाले, तर गुणक 2.27 वर येतो. मोठ्या डोक्याच्या जातींत तो वाढतो. मासा अंड्यांनी भरलेला असेल, तरीही मांसाचे प्रमाण घटते. अंडी खाल्ली जात असतील, तर ती मांसाच्या वजनात धरावीत.

गोठवलेल्या मासळीवर बर्फाचा पातळ थर असतो. ती पूर्ण वितळवून, चाळणीत निथळून मगच तोलावी, आणि पाकिटावरचे निव्वळ वजन बर्फ धरून आहे की वगळून, हे पाहावे.

शिजवलेल्या मांसाचे वजन मात्र मी या हिशेबात आणत नाही. शिजताना चिकनचे साधारण पाव वजन पाण्याच्या रूपाने जाते, आणि आच व वेळ बदलली की हे प्रमाणही बदलते. ताटात उरलेली हाडे तोलून कच्च्या वजनातून वजा करणे याच कारणाने फसवे आहे, कारण दोन्ही वजने वेगवेगळ्या अवस्थांतली असतात. रस्स्याचे तुकडे घ्यायचे असतील, तर एकदा तसेच तुकडे कच्चे असतानाच सोडवून गुणक काढावा आणि पुढे तोच वापरावा.

नवा काटा घेणाऱ्याने आपोआप बंद होण्याची सोय रद्द करता येते का, हे आधी पाहावे, आणि वरची थाळी पूर्ण पुसता येईल अशी सपाट असावी. माझ्या काट्याच्या कडेच्या खाचेत चिकनचे पाणी साचते आणि ती प्रत्येक वापरानंतर साबणाच्या फडक्याने साफ करावी लागते.