मधुमेह-आहाराच्या जाहिराती, नकार आणि अपील: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमधल्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या क्लिनिकच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती मी काही महिन्यांपासून सांभाळते आहे. आरोग्याची जाहिरात नाकारली गेल्यावर काय करायचं, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

पहिली जाहिरात क्लिनिकच्या छापील पत्रकावरून घेतलेली होती: ‘मधुमेहाने त्रस्त आहात? तीन महिन्यांत गोळ्या बंद!’ ती नाकारली गेली. सूचनेत धोरणाचं नाव होतं. नेमकं कोणतं वाक्य अडलं, ते आपलं आपण शोधायचं असतं. इथे दोन्ही वाक्यं अडणारी होती, पण कारणं वेगळी.

पहिलं वाक्य मेटाच्या Personal attributes या नियमात सापडतं. वाचणाऱ्याला अमुक आजार आहे किंवा तो कर्जात आहे, असं जाहिरातीने म्हणायचं नाही आणि सुचवायचंही नाही. आजाराचं नाव घ्यायला बंदी नाही. तो आजार वाचणाऱ्याच्या अंगाला चिकटवायला आहे. मराठीत हे सहज निसटतं, कारण ‘तुम्ही’ न लिहिताही वाक्य समोरच्याला उद्देशून होतं. ‘साखर वाढलीये?’ यात सर्वनाम नाही, तरी बोट वाचणाऱ्याकडेच आहे. त्यामुळे मी एकच कसोटी लावते: वाक्यातून क्लिनिक काय देतं ते कळतं, की वाचणाऱ्याला काय झालंय ते?

दुसरं वाक्य ठरावीक मुदतीत ठरावीक परिणामाचं आश्वासन देतं, आणि त्यावर अपील करण्यात अर्थच नव्हता. बाईंना सोबत जांभळाच्या बियांचं चूर्णही ‘मधुमेहावर उपाय’ म्हणून जाहिरातीत हवं होतं. तिथे प्रश्न फेसबुकपुरता उरत नाही. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे; अशा आजारावर औषध म्हणून काही विकण्याची जाहिरात पत्रकावरही चालत नाही. हे समजावल्यावर बाईंनी चूर्ण वगळलं.

नवा मजकूर असा केला: ‘मधुमेह असलेल्यांसाठी आहार सल्ला. डॉक्टरांचे औषधोपचार सुरू ठेवून ज्वारी, नाचणी, कडधान्ये यांच्या आधारे रोजच्या जेवणाची आखणी. पहिली भेट 45 मिनिटांची.’ आश्वासनाच्या जागी कामाचं वर्णन आलं. ‘तुमच्या डॉक्टरांचे’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो शब्द मी मुद्दाम काढला.

मजकूर बदलला की जाहिरात आपोआप पुन्हा तपासणीला जाते, वेगळं अपील लागत नाही. बहुतेक वेळा चोवीस तासांत निकाल येतो. तरीही ही जाहिरात पुन्हा नाकारली गेली, आणि खरं शिकायला मिळालं ते इथे. शब्द स्वच्छ होते, चित्र ताटाचं होतं. अडचण दुव्यापलीकडे होती: क्लिनिकच्या पानावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे पोटाचे फोटो होते. जाहिरातीसोबत ती ज्या पानावर नेते तेही तपासलं जातं. शिवाय चौकशीच्या फॉर्ममध्ये रक्तातल्या साखरेचा आकडा विचारला होता. जाहिरातीला जोडलेल्या फॉर्ममधून आरोग्याची माहिती मेटाच्या पूर्वपरवानगीशिवाय मागता येत नाही. फोटो काढले, फॉर्ममध्ये नाव, फोन आणि सोयीची वेळ एवढंच ठेवलं.

अपील उपयोगी पडलं ते या टप्प्यावर. जाहिरातीत बदलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पान मात्र दुरुस्त झालं होतं. मेटाच्या Business Support Home मध्ये क्लिनिकचं जाहिरात खातं निवडलं, नाकारलेली जाहिरात निवडली आणि Request review दाबलं. जाहिरात मंजूर झाली. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: दोष मजकुरात असेल तर मजकूर बदलायचा, मजकूर नियमात बसतो अशी खात्री असेल किंवा दोष बाहेर होता आणि तो दूर केला असेल, तरच अपील. काहीही न बदलता त्याच जाहिरातीच्या प्रती काढून नशीब अजमावणं धोक्याचं आहे, कारण नियमभंग साचत गेले की पूर्ण जाहिरात खात्यावरच निर्बंध येऊ शकतात.

बाईंना भीती होती की इतक्या सौम्य मजकुरावर कोणी फोन करणार नाही. फोन येतात, फक्त प्रश्न बदलले आहेत. पत्रक वाचून येणारे ‘गोळी कधी बंद होईल’ हे आधी विचारायचे आणि उत्तर ऐकून नाराज व्हायचे. आता विचारतात, भाकरी किती खायची, उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी काय चालेल, भेटीची फी किती. बाईंचा भेटीतला वेळही गैरसमज दूर करण्यात जात नाही, आणि मला हा बदल मंजुरीपेक्षा मोलाचा वाटतो.

रुग्णांच्या अभिप्रायांचा पेच अजून पूर्ण सुटलेला नाही. ‘माझी साखर इतक्यावरून इतक्यावर आली’ हे रुग्णाने स्वतः सांगितलं, तरी जाहिरातीत ते आपणच केलेलं आश्वासन ठरतं. सध्या आम्ही सेवेबद्दलचे अभिप्राय, तेही रुग्णाची परवानगी घेऊन, वापरतो: तक्ता घरच्या स्वयंपाकात बसला, वेळेवर फोन आला. आकड्यांचे अभिप्राय क्लिनिकच्या फाइलमध्येच राहतात.