जड कप्पीचं गणित: ऊर्जेनं सोडवावं की तीन समीकरणांनी?

खानापुरात मी संध्याकाळी पहिल्या पीयूसीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. बहुतेक जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. जड कप्पीपाशी आलं की दर वर्षी विचारणा होते, 'सर, कुठली रीत धरू?' दोन्ही रीती मी बरीच वर्षं शिकवल्या आहेत, त्यामुळं अनुभवाचं तेवढं सांगतो.

उदाहरण एकच घेऊ. बिडाची भरीव कप्पी, वजन 4 किलो, त्रिज्या 10 सेंटिमीटर. दोरीच्या एका टोकाला 3 किलो, दुसऱ्या टोकाला 2 किलो. दोरी घसरत नाही आणि आसाला घर्षण नाही असं धरू. तबकडी भरीव असल्यानं जडत्व आघूर्ण I = ½MR² = 0.02 kg·m².

ऊर्जेची रीत खरंच सुटसुटीत आहे. 3 किलोचं वजन 1 मीटर खाली आलं की त्याची 29.4 ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते, वर जाणाऱ्या 2 किलोची 19.6 ज्यूल वाढते. उरलेली 9.8 ज्यूल गतीत जाते: ½·5·v² दोन्ही वजनांची आणि ½Iω² कप्पीची. ω = v/R घातलं की कप्पीचा वाटा ½·2·v² होतो, म्हणजे कप्पी जणू 2 किलोचं तिसरं वजन. ½·7·v² = 9.8, म्हणून v² = 2.8, आणि v² = 2ah वरून a = 1.4 m/s². सीईटीत नुसतं त्वरण विचारलं असेल तर मीही हेच करीन.

दुसऱ्या रीतीत तीन आकृत्या काढायच्या, दोन वजनांच्या आणि एक कप्पीची.

```
29.4 − T1 = 3a
T2 − 19.6 = 2a
(T1 − T2)·R = I·(a/R)
```

तिसऱ्याला R नं भागलं की T1 − T2 = 2a. तिन्हींची बेरीज केली की ताण उडून जातात आणि 9.8 = 7a उरतं. त्वरण तेच, 1.4. T1 = 25.2 न्यूटन, T2 = 22.4 न्यूटन. वेळ थोडा जास्त लागतो आणि चिन्हं सांभाळावी लागतात. म्हणून प्रत्येक वजन ज्या दिशेला जातं ती दिशा धन धरायची आणि ती शेवटपर्यंत बदलायची नाही.

आता मला जे खटकतं ते. ऊर्जेच्या रीतीत ताणाचं नावच येत नाही. त्वरण हाती आलं की मुलं 3(9.8 − 1.4) करून 25.2 काढतात आणि दुसऱ्या बाजूलाही तोच ताण लिहून मोकळी होतात. मागं एका मुलीची वही तपासताना हे दिसलं. त्वरण अचूक, ताण दोन्हीकडे 25.2. विचारल्यावर ती म्हणाली, 'सर, दोरी एकच आहे, मग ताण दोन कसे?' प्रश्न रास्त होता, पण तिच्या दोन ओळींच्या गणितात तो कधी उपस्थितच झाला नव्हता. दोन्हीकडे ताण सारखा असता तर कप्पीवरचं बल आघूर्ण शून्य झालं असतं आणि स्थिर कप्पी फिरलीच नसती. तिला फिरवतो तो 2.8 न्यूटनचा फरक, आणि दोरी खाचेला घर्षणानं धरून राहते म्हणूनच तो फरक टिकतो. तिसरं समीकरण लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पडताळाही त्याच समीकरणातून मिळतो. समजा ऊर्जेत Iω² पुढचा ½ लिहायचा राहून गेला. त्वरण 1.09 येतं आणि त्यावरून ताण 26.13 व 21.78. दिसायला दोन्ही ठीक, कारण एक 29.4 पेक्षा कमी आणि दुसरा 19.6 पेक्षा जास्त. पण फरकाला 0.1 नं गुणलं की 0.44 येतं, तर Iα फक्त 0.22. चूक तिथंच सापडते. मात्र I च चुकीचा घेतला असेल तर हा पडताळा काही सांगत नाही. विहिरीवरच्या आऱ्यांच्या कप्पीत बरंचसं लोखंड कडेला असतं, तिला ½MR² लावलं तरी आकडे आपसात जुळतात आणि उत्तर मात्र चुकतं.

उद्यमबागेतून अशी एक भरीव कप्पी ओतून, बेअरिंग घालून आणली आहे. तिच्या कडेला खडूची रेघ मारून वजनं सोडली की रेघ दोरीबरोबर फिरते. खाचेला तेल लावलं की दोरी पुढं सरकते आणि रेघ मागं राहते. ते पाहिल्यावर मुलं कप्पीची आकृती काढायला सहसा विसरत नाहीत.

फक्त पर्याय निवडायचा असेल तर ऊर्जा पुरेशी आहे. प्रश्नात 'ताण' हा शब्द असेल तर मी तीन आकृत्यांनी सुरुवात करतो, आणि वेळ उरला तर त्वरण ऊर्जेनं ताडून पाहतो.