सहा गुणपत्रिका हातात, पदवी मात्र नाही

‘आमचं कॉलेज स्वायत्त आहे, पदवी आम्हीच देतो.’ प्रवेशाच्या टेबलावर हे वाक्य ऐकलंत तर पैसे भरू नका. स्वायत्त महाविद्यालय पदवी देऊच शकत नाही.

हा सापळा उशिरा कळतो. एका आवारात एकाच संस्थेची चार महाविद्यालयं असतात आणि स्वायत्तता त्यातल्या एकालाच मिळालेली असते. फलकावर मात्र सगळ्या आवाराला ‘स्वायत्त’ म्हटलेलं असतं. शेजारच्या इमारतीत ‘बीएस्सी डेटा सायन्स’ सुरू होतं, त्याला विद्यापीठाची मान्यताच नसते. परीक्षा होतात, निकाल लागतो, गुणपत्रिकेवर कॉलेजच्याच परीक्षा नियंत्रकाची सही असते. पालकांना शंका येत नाही, कारण खऱ्या स्वायत्त महाविद्यालयातही गुणपत्रिका कॉलेजच देतं. फसवणूक नेमकी या साम्यावर उभी असते. तीन वर्षांनी पदवीचा अर्ज भरायला विद्यापीठात गेलं की उत्तर मिळतं, ‘या विद्यार्थ्याची आमच्याकडे नोंदच नाही.’

फरक असा. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षाही त्याच्याच नियमांनी, आणि पदवीवर विद्यापीठाच्या कुलगुरूंची सही. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतःच्या अभ्यास मंडळात ठरवतं (तिथेही विद्यापीठाचा प्रतिनिधी बसतो), प्रश्नपत्रिका काढतं, निकाल लावतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं, त्यावर कॉलेजचं नाव येतं इतकंच. मुंबईचं सेंट झेवियर्स स्वायत्त आहे, तरी पदवी मुंबई विद्यापीठाची. अभिमत विद्यापीठाचं वेगळं: यूजीसी कायदा 1956 च्या कलम 3 खाली केंद्र सरकारने अधिसूचना काढलेली असते, म्हणून अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी तिन्ही त्याचीच. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1964 पासून अभिमत आहे. पण ‘आम्ही अमुक अभिमत विद्यापीठाचं केंद्र’ म्हणणाऱ्या गाळ्यातल्या क्लासला तो दर्जा आपोआप लागत नाही. मूळ आवाराबाहेरच्या शाखेला वेगळी मंजुरी लागते, तिचं पत्र मागा.

स्वायत्त म्हणवणाऱ्याकडून यूजीसीचं पत्र घ्या. त्यात महाविद्यालयाचं पूर्ण नाव आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ही मुदत वाचा. मग ugc.gov.in वरच्या यादीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. नाव अर्धंच जुळत असेल तर ते बहुधा शेजारचं कॉलेज असतं. त्यानंतर विद्यापीठाच्या संलग्नता विभागात हाच अभ्यासक्रम आणि तुकडी मंजूर आहे का, हे लेखी विचारा. तोंडी ‘हो’वर थांबू नका.

प्रवेश झाल्यावरही एक खूण उरते. विद्यापीठ प्रत्येकाची पात्रता तपासून कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, देतं. पहिलं सत्र संपेपर्यंत तो मिळाला नाही, किंवा मिळालेला आकडा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला सापडत नसेल, तर दुसऱ्या सत्राची फी भरण्याआधी कॉलेजकडे लेखी खुलासा मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फीची पावती कोणत्या नावाने फाडली तेही बघून ठेवा. ट्रस्टच्या नावाची पावती आणि कॉलेजच्या नावाची पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रार करताना पहिला वाद तिथेच होतो.