दिवाळीची जाहिरात: सहा आठवडे आधी, दसऱ्याला, की शेवटच्या दहा दिवसांत?

तीन दिवाळ्यांत मी तीन वेगवेगळ्या वेळी जाहिरात सुरू करून बघितली. 2023 ला सहा आठवडे आधी, 2024 ला शेवटच्या दहा दिवसांत आणि 2025 ला दसऱ्याला. ठरवून केलेले प्रयोग नव्हेत ते. पहिल्यांदा हौस होती, दुसऱ्यांदा वैताग होता आणि तिसऱ्यांदा बायकोचं ऐकलं. दुकान सांगलीत, मारुती रोडला लागून असलेल्या एका बोळात, लहान मुलांचे रेडीमेड कपडे. मी, बायको आणि सीझनपुरती दोन पोरं. जाहिरात म्हणजे व्हॉट्सॲप, थोडं फेसबुक-इन्स्टाचं बूस्ट आणि पेपरात घालायची हँडबिलं, एवढंच. तुमचा पसारा मोठा असेल तर माझा हिशेब जसाच्या तसा लागू पडेल असं नाही.

2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि मी 1 ऑक्टोबरला फोटो टाकायला लागलो. पितृपंधरवडा चालू होता. "पक्षात कोण कपडे घेतंय?" असं आई म्हणाली होती, पण मला वाटलं, घेणार नाहीत तरी बघून ठेवतील. त्यांनी बघून ठेवलं, अगदी मनापासून ठेवलं. पुढे त्याचाच त्रास झाला, त्याकडे येतोच.

सहा आठवडे आधी गिऱ्हाईक हलत नाही याचं कारण नुसता पक्ष नाही, खिसाही आहे. आपल्या भागात दिवाळीचा पैसा ठरावीक वाटांनी येतो. डेअरीचा दूध फरक, कारखान्याचा हप्ता, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतला बोनस आणि सोयाबीन काढून विकलं की त्याचे. हे सगळं साधारण दसऱ्यानंतर हातात पडायला लागतं. तासगावकडचा द्राक्षवाला तर तेव्हा छाटणी-फवारणीत गुंतलेला असतो आणि त्याचा पैसा आत येण्याऐवजी बाहेर चाललेला असतो. अशा माणसाला ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पोराचा जॅकेट-कुर्ता दाखवला तर तो म्हणतो, "छान आहे, बघू." त्या "बघू"साठी मी बूस्टचे पैसे भरत होतो.

लवकर सुरू करण्याचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. कोणता माल उचलला जाणार हे आधी कळतं आणि मुंबईला रिपीट ऑर्डर द्यायला वेळ मिळतो. शेवटच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाठोड्यांचा ढीग असतो. दोन दिवसांत येणारा माल पाच दिवसांनी येतो, कधी पाडव्यानंतर येतो. त्यामुळे रिपीटची सोय नसलेली जाहिरात म्हणजे आहे तो माल संपला की दुकान उघडं ठेवून गप्प बसायचं.

आता तो त्रास. एकच सांगतो, कारण माझं सगळं त्यावरच ठरलं.

मुलांच्या कपड्यात एका डिझाइनचा सेट येतो तो 20 पासून 30 पर्यंत, म्हणजे 20, 22, 24, 26, 28, 30 असे सहा नग. त्या वर्षी एका मोरपिशी जॅकेट-कुर्त्याचे मी चार सेट घेतले होते, एकूण 24 नग. फोटो टाकला, घटस्थापनेनंतर गिऱ्हाईक यायला लागलं आणि नेहमीप्रमाणे मधल्या साईज आधी गेल्या. 24 आणि 26 चे आठही नग दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधीच संपले. रॅकवर सोळा नग दिसत होते, पण पाच ते सात वर्षांच्या पोराला बसेल असा एकही नाही. दुकानात सेट फुटला होता, फोटोत मात्र तो अजून अख्खा होता. आणि फोटो एव्हाना पलूस, आष्टा, कवठेमहांकाळपर्यंत जावा-नणंदांच्या ग्रुपमधून फिरून आला होता.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पलूसकडच्या एक ताई दोन मुलांना घेऊन, एसटीतून उभ्याने आलेल्या. मोबाइल पुढे केला, "दादा, हाच पाहिजे." मी म्हटलं, "ताई, या साईजमध्ये संपला हो. हा मरून बघा, कापड तेच आहे." त्यांनी मरूनकडे बघितलंही नाही. "मग फोटो कशाला टाकलाय? एवढ्या लांबनं आलो आम्ही." धाकटा रडायला लागला. दहा मिनिटं काउंटरला मी अडकलो आणि मागे उभी असलेली दोन घरं बाहेर पडली. ताई काही न घेता गेल्या. असं त्या चार दिवसांत किती वेळा झालं ते मोजलं नाही. पण रात्री गल्ला मोजताना विक्री कमी झाली यापेक्षा आपण लोकांना उगीच बोलावलं हेच जास्त खुपत होतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दोनेक दिवसांनी सगळ्यांकडून काढून घेता येत नाही, आणि पुढे फॉरवर्ड झालेला तर कधीच नाही. म्हणजे जाहिरात जितकी लवकर, तितके मेलेले फोटो बाजारात जास्त.

त्या वैतागात 2024 ला मी दुसऱ्या टोकाला गेलो. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, जाहिरात 22 ऑक्टोबरपासून. खरं सांगायचं तर काउंटरला इतकी शांत दिवाळी मी बघितली नव्हती. फोटोत असेल ते रॅकवर होतं, भांडण नाही, समजूत घालणं नाही. ज्याच्याकडे माल मोजका आहे आणि रिपीट करायचाच नाही, त्याला ही पद्धत कदाचित बरी पडेल. शेजारी एक जण मुलांचे बूट विकतात, ते वर्षानुवर्षं असंच करतात आणि खूश आहेत.

माझं मात्र दोन ठिकाणी अडलं. त्या दहा दिवसांत आख्खी सांगली जाहिरात करत असते. तेवढ्याच पैशात बूस्ट पूर्वीपेक्षा कमी लोकांपर्यंत पोचलं असं मला वाटलं आणि माझा मेसेज चाळीस मेसेजांच्या खाली गेला. दुसरं म्हणजे अंदाज चुकला. मुलींच्या ज्या घागऱ्यांवर माझा भरवसा होता ते पडून राहिले आणि साध्या कॉटनच्या कुर्त्यांचा 27 तारखेच्या रविवारी फडशा पडला. रिपीट मागवायला तोंड उरलं नव्हतं. घागरे पुढे लग्नसराईत कमी भावाने काढले.

म्हणून 2025 ला दसरा. यात एक सोय अशी की दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर तिथीचं आहे. अधिक महिना येवो न येवो, एकोणीस-वीस दिवस मिळतातच. दरवर्षी नव्याने डोकं चालवावं लागत नाही.

2 ऑक्टोबरला दसरा होता. पहिल्या आठवड्यात मी फक्त सहा डिझाइन दाखवली, प्रत्येकाचा एकच सेट आणून, आणि तीही फक्त स्टेटसला. स्टेटस 24 तासांत आपोआप जातं हाच त्याचा गुण. यात विक्री थोडीच झाली आणि तशी अपेक्षाही नव्हती. कशाची किंमत विचारतात, कशाचा सेट मधून फुटतो, एवढंच बघायचं होतं. कोजागिरी 6 तारखेला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापैकी दोन डिझाइनची रिपीट दिली, त्यातही 24 आणि 26 जादा मागितले. काही घाऊक व्यापारी सेट फोडून देत नाहीत, पण दसऱ्याच्या सुमारास विचारलं तर ऐकतात. शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. माल 10 तारखेला आला.

खरा खर्च दुसऱ्या आठवड्यात केला. 11 आणि 12 तारखेला, शनिवार-रविवारी, पेपरात हँडबिलं, त्याच दोन दिवसांच्या आगेमागे बूस्ट, आणि व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 च जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, हे बहुतेकांना माहीत असेल. आम्ही बिल करतानाच नंबर सेव्ह करून घेतो. आणि एक नवीन केलं: फोटो काढताना कपड्याशेजारी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मार्करने तारीख आणि "साईज 20 ते 30, दुकानात विचारून या". फोटो कुठेही फिरला तरी तारीख त्याच्याबरोबर फिरते. भांडण पूर्ण थांबलं नाही, पण लोक आधी फोन करायला लागले.

थांबायचं कधी, यावर माझी आणि समोरच्या साडीवाल्या काकांची एकवाक्यता नाही. ते भाऊबीजेच्या सकाळपर्यंत जाहिरात चालवतात आणि त्यांचं बरोबर आहे, ओवाळणीची साडी त्या सकाळीही घेतली जाते. मुलांचे कपडे मात्र अभ्यंगस्नानाच्या पहाटे अंगावर हवेत. त्यानंतर माझ्याकडे येतो तो साईज बदलायला. मी 17 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या सकाळी, बूस्ट बंद केलं आणि ब्रॉडकास्टही. हात थरथरला, कारण गर्दीचे खरे दिवस पुढेच होते. पण त्या दिवसांत गिऱ्हाईक रस्त्यावर आलेलंच असतं. त्याला बोलावण्यापेक्षा आत आल्यावर बघायला माणूस लागतो. लक्ष्मीपूजनापर्यंत जाहिरात चालवली असती तर आणखी थोडी विक्री झाली असती का? झाली असती बहुधा. पण तेव्हा निम्म्याहून जास्त सेट फुटलेले होते आणि त्यांची जाहिरात करायची म्हणजे पुन्हा त्या पलूसच्या ताई. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ स्टेटसला नुसता मजकूर टाकला: "22 आणि 30 साईजमध्ये भरपूर माल. 24-26 मोजके. रात्री अकरापर्यंत उघडं." फोटो नाही. त्यावर 30 साईजवाली तीन-चार घरं मुद्दाम आली, तेवढीच.

2026 ला थोडा बदल करावा लागेल असं वाटतं. दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. म्हणजे मधे पहिली तारीख येते आणि पगारदार गिऱ्हाईक त्याच्या आधी फारसं हलणार नाही. 2025 मध्ये तसं नव्हतं. हँडबिलं 25 ऑक्टोबरच्या रविवारी न घालता 1 नोव्हेंबरच्या रविवारी घालायचा विचार आहे. रिपीट मात्र 26 ला, सोमवारी सकाळीच देणार. बायकोचं म्हणणं, हँडबिलं निम्मी-निम्मी करा. ते अजून ठरायचंय.