एक्स-रे रिपोर्टमधल्या दोन ओळी मराठीत कशा सांगाव्यात?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साठीतल्या एका आजींच्या छातीचा एक्स-रे काढला, असं धरू. रिपोर्टमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात फायब्रोसिस, बहुधा जुन्या कॉक्सचा, अशी नोंद आहे. फायब्रोसिस म्हणजे वण, कॉक्स म्हणजे टीबी. शेवटच्या दोन ओळी नेहमीच्याच: ‘नो अ‍ॅक्यूट अ‍ॅबनॉरमॅलिटी. क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड.’ आजींना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी मराठी चिठ्ठी लिहायची आहे.

शब्दशः लिहिलं तर ‘तीव्र विकृती नाही, वैद्यकीय सहसंबंध सुचवला आहे’ असं होतं. यात ‘तीव्र’ हा शब्द घात करतो. मराठीत तीव्र म्हणजे जोरदार. त्यामुळे आजींना वाटणार, विकृती आहे, फक्त कमी आहे. इथे अ‍ॅक्यूटचा संबंध जोराशी नाही, काळाशी आहे: अलीकडे सुरू झालेलं. सहसंबंधातून तर घरातल्या कुणालाच काही कळत नाही.

थोडक्यात लिहिलं तर ‘सगळं नॉर्मल आहे, डॉक्टरांना भेटा.’ वाचायला सोपं, पण मला हे जास्त धोक्याचं वाटतं. नॉर्मल म्हटल्यावर भेटायला जातंय कोण? शिवाय फायब्रोसिसची नोंदच गायब होते. पुढे कधी एक्स-रेत ते दिसलं आणि आजी म्हणाल्या, ‘मागचा नॉर्मल होता’, तर जुनी खूण नवी समजून तपासण्या सुरू होतील.

मी अर्थ उलगडून लिहीन: ‘या एक्स-रेत नव्याने सुरू झालेला आजार दिसत नाही. उजव्या फुप्फुसात वर जुना वण आहे, तो बहुधा पूर्वीच्या टीबीचा असावा. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलेलं नाही. म्हणून तुमचा त्रास आणि जुने एक्स-रे यांच्याशी हा वण तुमच्या डॉक्टरांकडून ताडून घ्या.’ ‘डाग’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. फुप्फुसावर डाग म्हटलं की घरात आज टीबी झाल्याचीच धास्ती बसते. वण म्हटलं की जखम भरून आल्याचं कळतं.

‘या एक्स-रेत’ हे शब्द मात्र गाळू नयेत. चित्रात दिसत नाही म्हणजे आजार नाहीच, असं होत नाही. रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तरी पहिल्या काही तासांत मेंदूचा साधा सीटी स्कॅन स्वच्छ दिसू शकतो.

डॉक्टर ताडून काय पाहतील? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, पूर्वी टीबीचे उपचार झाले होते का. जुन्या एक्स-रेत वण तसाच असेल तर तो जुना ठरायला मोठा आधार मिळतो. शंका उरली तर थुंकीची तपासणी. हा निर्णय त्यांचा, म्हणून चिठ्ठीत ‘टीबी नाही’ असं आपण लिहायचं नाही.

या पद्धतीला जागा जास्त लागते. मेसेजपुरतीच जागा असेल तर: ‘या एक्स-रेत नवीन काही दिसत नाही. जुना वण आहे, जुन्या एक्स-रेसह डॉक्टरांना दाखवा.’ लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी वाचायला देऊन विचारावं, आजींनी आता काय करायचं? ‘जुना एक्स-रे शोधायचा’ असं उत्तर आलं, तर चिठ्ठी द्यायला हरकत नाही.